निवडीला लागणारी उसंत

फंक्शन जनरेटरची चकती मी सावकाश फिरवते. १०,००० हर्ट्झला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची लाट एवढीशी असते, आहे की नाही असं वाटावं इतकी. ११,०००, १२,०००, तरी तिच्यात फारसा जीव येत नाही. १४,००० च्या आसपास ती अंग धरू लागते आणि १५,००० ओलांडल्यावर भराभर वर चढते. १६,००० च्या जरा अलीकडे एका जागी ती सगळ्यात उंच उभी राहते. चकती त्याच वेगाने पुढे फिरत राहिली की लाट उतरायला लागते, आणि २०,००० पर्यंत पुन्हा केविलवाणी होते. जनरेटरने आपल्या बाजूने कुठेच हात आखडता घेतलेला नसतो. त्याची लाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढ्याच जोराची. निवड केली ती सर्किटने. हा चढ आणि हा उतार मी मुलांबरोबर दर वर्षी पाहते, आणि दर वर्षी त्या शिखरापाशी माझा हात आपोआप थांबतो.

ब्रेडबोर्डवर असतात तीनच वस्तू, एकामागोमाग एक, एकाच वाटेवर. १० मिलिहेन्रीची एक कॉइल, ०.०१ मायक्रोफॅरडचा, अंगावर १०३ छापलेला एक कपॅसिटर आणि ३० ओहमचा एक रेझिस्टर. वाट एकच असल्यामुळे तिघांतून एकाच क्षणी एकच प्रवाह वाहतो. या जोडणीचं सगळं वागणं या एका गोष्टीतून उलगडतं.

कॉइलला प्रवाहातला बदल आवडत नाही. बदल जितका वेगाने करावा तितकी ती अडते, म्हणून वारंवारता वाढली की तिचा विरोध वाढतो. कपॅसिटरचं उलट आहे. त्याला भरायला जितका जास्त वेळ मिळेल तितका तो भरत जातो आणि प्रवाहाला थोपवतो; सावकाश लाटेला तो जास्त अडवतो, वेगवान लाटेला सहज जाऊ देतो. १०,००० हर्ट्झला आमची कॉइल सुमारे ६२८ ओहम विरोध करते आणि कपॅसिटर १,५९२ ओहम. २०,००० ला कॉइल १,२५७ वर पोचलेली असते आणि कपॅसिटर ७९६ वर उतरलेला. एक चढतो आहे, दुसरा उतरतो आहे, म्हणजे मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडणारच. ती पडते १५,९१५ हर्ट्झला, आणि तिथे दोघांचाही विरोध बरोबर १,००० ओहम असतो. वर्गात फळ्यावर लिहितो ते सूत्र या भेटीच्या जागेचा पत्ता सांगतं:

f₀ = 1 / (2π√(LC))

या सूत्रात R कुठेच नाही. भेट कुठे होणार हे कॉइल आणि कपॅसिटर आपसांत ठरवतात. रेझिस्टरचं काम वेगळं आहे आणि त्याच्याकडे मला पुन्हा यायचंच आहे.

१,००० आणि १,००० मिळून २,००० व्हायला हवेत, मग शिखर कसलं? पण हे दोन विरोध एका दिशेचे नाहीत. प्रवाह दोघांतून एकच जातो, मात्र कॉइलवरचं व्होल्टेज त्या प्रवाहाच्या पाव फेरा पुढे असतं आणि कपॅसिटरवरचं पाव फेरा मागे. एक पाव पुढे, दुसरं पाव मागे, म्हणजे एकमेकांपासून अर्धा फेरा दूर. कॉइलवरचं व्होल्टेज वरच्या टोकाला असतं त्या क्षणी कपॅसिटरवरचं खालच्या टोकाला. दोघं बरोबरीचे झाले की एकमेकांना पूर्ण फेडून टाकतात आणि स्रोतासमोर उरतो तो फक्त रोध.

दर वर्षी कुणीतरी गोंधळून विचारतं, “मॅडम, जनरेटरमधून एक व्होल्ट दिला आणि कपॅसिटरवर दहा व्होल्ट आले. हे कसं?” हा प्रश्न यावा म्हणून मी वाट पाहत असते. सर्किटमधला एकूण रोध १०० ओहम आहे, तो कसा ते पुढे येईलच; म्हणजे शिखरावर एका व्होल्टच्या लाटेने १० मिलिअँपिअरची लाट वाहते. तोच प्रवाह कपॅसिटरच्या १,००० ओहममधून गेला की १० व्होल्ट होतात आणि कॉइलच्या १,००० ओहममधूनही १० व्होल्ट होतात. मी म्हणते, “आता दोघांना जोडीने मोज.” जोडीवर मिळतो फक्त ०.२ व्होल्ट, तोही कॉइलच्या तारेच्या स्वतःच्या २० ओहम रोधामुळे. एकेकट्यावर दहा, दोघांवर मिळून जवळजवळ काहीच नाही. हे पडद्यावर दिसतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते सूत्र सोडवून कधी उमटत नाही.

हे मोजताना एक काळजी घ्यावी लागते. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप अर्थला जोडलेली असते आणि बहुतेक जनरेटरचं काळं टोकही अर्थलाच. ती क्लिप सर्किटच्या मध्येच कुठे लावली, तर तिच्यापासून अर्थपर्यंतचा भाग शॉर्ट होतो. लाट दिसते, पण ती दुसऱ्याच सर्किटची. म्हणून ज्याच्यावरचं व्होल्टेज मोजायचं तो घटक अर्थच्या टोकाला आणायचा. एकाच वाटेवरच्या वस्तूंची जागा बदलली तरी प्रवाहाला फरक पडत नाही, तेव्हा ही अदलाबदल बिनधास्त करता येते. खिशात मावणाऱ्या स्वस्त मल्टिमीटरवर मात्र इथे भरवसा ठेवू नये. त्यांची एसी बाजू घरातल्या ५० हर्ट्झसाठी बनवलेली असते. १६,००० हर्ट्झला ती काहीतरी आकडा दाखवते, पण तो खरा नसतो.

या भेटीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तो १८६८ साली. विल्यम ग्रोव्ह यांनी मॅग्नेटो-इलेक्ट्रिक यंत्राचा उलटसुलट वाहणारा प्रवाह इंडक्शन कॉइलच्या आतल्या वेटोळ्यात सोडला होता. मार्ग अखंड ठेवला की बाहेरच्या वेटोळ्यात ठिणगी जवळजवळ पडत नसे. तोच मार्ग तोडून मध्ये कंडेन्सर घातला की ठिणगी चांगली पडे. वाट तोडल्यावर काम चांगलं व्हावं, हे कोडंच होतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचं उत्तर लिहिलं आणि ते त्याच वर्षी ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आलं. त्यांनी दाखवलं, की कंडेन्सर आणि कॉइल एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, आणि यंत्राच्या एका ठरावीक वेगाला दोघांचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. माझ्या बाकावरचा १०३ छापलेला तो चिमुकला चकतीवजा कपॅसिटर पाहताना मला ग्रोव्ह यांचा तो तुटलेला मार्ग नेहमी आठवतो.

ते दहा व्होल्ट फुकट आलेले नाहीत. शिखरावर कॉइल आणि कपॅसिटर यांच्यामध्ये अर्धा मायक्रोज्यूल ऊर्जा सारखी ये-जा करत असते. प्रवाह सगळ्यात जास्त असतो तेव्हा ती सगळीच्या सगळी कॉइलच्या चुंबकी क्षेत्रात असते आणि कपॅसिटर रिकामा असतो. पाव फेऱ्याने प्रवाह शून्य होतो आणि तीच ऊर्जा कपॅसिटरच्या पत्र्यांमध्ये जमा झालेली असते. बेरीज कधी बदलत नाही. स्रोताने भरायचं ते फक्त वाटेत रोधाने जाळलेलं, आणि ते एका फेऱ्याला सुमारे ०.३१४ मायक्रोज्यूल. साठलेली ऊर्जा भागिले एका फेऱ्यात जळालेली ऊर्जा, आणि त्याला 2π ने गुणलं की १० हा आकडा येतो. हाच सर्किटचा गुणांक, सगळे ज्याला नुसतं ‘क्यू’ म्हणतात तो. कपॅसिटरवरचं व्होल्टेज स्रोताच्या दहापट होतं ते याच दहामुळे. सूत्रात तो असा दिसतो:

Q = (1/R)√(L/C)

आता R खाली येऊन बसला आहे. भेटीची जागा ठरवण्यात त्याला मत नव्हतं, पण भेट किती उत्कट होणार हे त्याच्याच हाती आहे.

या R चा शोध घेणं हा माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यात शिकवणारा भाग. मुलं रेझिस्टरवर लिहिलेले ३० ओहम सूत्रात घालतात आणि उत्तर येतं ३३. आलेख काढून क्यू मोजतात तर येतो १०. चूक कुठेच झालेली नसते. कॉइल म्हणजे बारीक तारेचे शेकडो वेढे, आणि त्या तारेचे २० ओहम असतात. जनरेटरच्या पोटात त्याचा स्वतःचा ५० ओहमचा रोध असतो, आणि त्याच्याही अंगातून हाच प्रवाह जातो. ३०, २० आणि ५० मिळून १०० होतात. प्रवाह कुणाच्या अंगावर किती रोध लिहिलाय हे वाचत नाही. तो आपल्या वाटेवरचं सगळं मोजतो.

तिसरं उत्तरही मिळतं, आणि तेही खरं असतं. एखादी चौकस मुलगी जनरेटरच्या टोकांवर दुसरा प्रोब लावते. तिला दिसतं, की शिखराकडे जाताना तिथली लाट १ व्होल्टवरून खाली येत येत बरोबर अर्ध्यावर उतरते. बाहेरचा विरोध ५० ओहमवर आला आहे आणि आतलेही ५० आहेत, म्हणून व्होल्टेजची निम्मी निम्मी वाटणी झाली. आता तिने रेझिस्टरवरच्या व्होल्टेजला प्रत्येक वारंवारतेपाशी या टोकावरच्या व्होल्टेजने भागलं, तर जनरेटरचा रोध हिशेबातून निघून जातो आणि क्यू येतो २०. ३३, २०, १०, अशी तीन उत्तरं तीन वह्यांत असतात. मी कुणालाच खोडायला सांगत नाही. प्रत्येकाने आपण कुठून कुठपर्यंतच्या सर्किटचा क्यू मोजला ते शेजारी लिहायचं. आणि कॉइलचे २० ओहम मल्टिमीटरने डीसीवर मोजलेले आहेत, हेही लिहायचं. उलटसुलट प्रवाहाला तारेचा आणि गाभ्याचा रोध त्याहून काहीसा जास्तच भासतो, म्हणून हातात येणारा क्यू हिशेबापेक्षा नेहमी थोडा उणा असतो.

शिखर किती रुंद म्हणायचं, यासाठी एक ठरलेली रीत आहे. लाटेची उंची शिखराच्या ०.७०७ पट उरते त्या दोन जागा शोधायच्या. तिथे रोधात जळणारी शक्ती शिखरावरच्या निम्मी असते. आमच्या सर्किटमध्ये या जागा येतात १५,१३९ आणि १६,७३१ हर्ट्झला. त्यांच्यातलं अंतर १,५९२ हर्ट्झ, आणि ही झाली बँडविड्थ. शिखराची वारंवारता भागिले क्यू केलं तरी हाच आकडा येतो. बारकाईने पाहणाऱ्याला दिसेल, की शिखर या दोन जागांच्या अगदी मध्यावर नाही. डावीकडचं अंतर ७७६ हर्ट्झ आहे आणि उजवीकडचं ८१६. डोंगराची उजवी बाजू किंचित सैल उतरते, कारण सर्किट वारंवारतांमधल्या वजाबाकीकडे न पाहता त्यांच्या गुणोत्तराकडे पाहतं. क्यू वाढत गेला की हा फरक दिसेनासा होतो.

बँडविड्थचं आणखी एक सूत्र आहे, R/2πL. त्यात कपॅसिटर नाही. म्हणजे कॉइल तीच ठेवून नुसता कपॅसिटर बदलत गेलं, तर शिखर इकडून तिकडे सरकेल, पण त्याची रुंदी हर्ट्झमध्ये तेवढीच राहील. ही साधी गोष्ट पुढे रेडिओपाशी उपयोगी पडणार आहे.

शिखराची जागा उंचीवरून शोधायला गेलं तर ती हाती लागत नाही. माथा सपाट असतो. १ टक्का, म्हणजे १५९ हर्ट्झ, बाजूला सरकलं तर उंची जेमतेम २ टक्क्यांनी कमी होते आणि डोळ्याला ते कळत नाही. पण त्याच १ टक्क्याला फेजमध्ये तब्बल ११ अंशांचा फरक पडतो. म्हणून मी ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर टाकायला सांगते. एका बाजूने जनरेटरचं व्होल्टेज, दुसऱ्या बाजूने रेझिस्टरवरचं. पडद्यावर एक तिरकी लंबवर्तुळाकार कडी दिसते. वारंवारता शिखराकडे नेत गेलं की ती कडी चपटी होत जाते, दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि एका क्षणी तिची सरळ रेष होते. जरासं पुढे गेलं की रेषेचं पोट पुन्हा उघडतं. ती रेष हा खरा रेझोनन्स. प्रवाह आणि व्होल्टेज एका पावलाने चालताहेत हे त्या रेषेइतकं स्वच्छ दुसरं काहीच सांगत नाही.

रेझिस्टरऐवजी कपॅसिटरवरचं व्होल्टेज पाहून शिखर शोधलं, तर ते थोडं अलीकडे सापडतं. क्यू १० असताना सुमारे ४० हर्ट्झ अलीकडे, म्हणजे चालून जाण्यासारखं. पण रोध वाढवून क्यू २ वर आणला, तर कपॅसिटरवरचं शिखर जवळजवळ १,००० हर्ट्झ खाली घसरलेलं असतं. प्रवाहाचं शिखर मात्र जागचं हललेलं नसतं. म्हणून रेझिस्टरवर मोजायचं, कारण रेझिस्टरवरचं व्होल्टेज म्हणजे प्रवाहाचीच सावली.

इथपर्यंतचं सगळं मुलांच्या जर्नलमध्ये असतं. माझं मन मात्र ज्याच्यात अडकलेलं आहे ती गोष्ट जर्नलच्या तक्त्यात बहुधा नसते. ती म्हणजे वेळ. आपण चकती फिरवतो, थांबतो, आकडा लिहितो. त्या थांबण्यात सर्किटला उसंत मिळते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

स्रोत सुरू केला की लाट लगेच पूर्ण उंचीवर जात नाही. प्रत्येक फेऱ्याला स्रोत थोडी ऊर्जा देतो, रोध त्यातली थोडी जाळतो, उरलेली साठते. साठा वाढला की जाळणंही वाढतं, आणि देणं-जाळणं बरोबरीचं झालं की लाट स्थिरावते. या स्थिरावण्याचं माप 2L/R असतं, आमच्या सर्किटमध्ये ०.२ मिलिसेकंद. एवढ्यात लाट अंतिम उंचीच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचते. पुरती भरायला साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सोळाएक फेरे लागतात. स्रोत बंद केला की हीच गोष्ट उलटी होते. लाट एकदम मरत नाही, विरत जाते, आणि त्याच ०.२ मिलिसेकंदात ३७ टक्क्यांवर येते. देवळातली घंटा वाजवून सोडली तर तिचा नाद किती तरी वेळ घुमतो, आणि तिलाच हात लावून धरलं तर आवाज बसका येऊन तिथेच संपतो. रोध म्हणजे घंटेवर ठेवलेला तो हात.

हे बघायला जनरेटरवर साइन लाटेऐवजी चौकोनी लाट निवडायची, २०० हर्ट्झची. ती दर वेळी वर किंवा खाली उडी घेते, तेव्हा सर्किटला एक टोला बसतो आणि ते आपल्या स्वतःच्या १६,००० च्या आसपासच्या लयीत घुमून शांत होतं. कपॅसिटरवर ही विरत जाणारी लाट सुंदर दिसते. पहिल्या उंचीच्या ३७ टक्क्यांवर यायला किती फेरे लागले ते मोजायचे आणि π ने गुणायचे. तीन फेरे आणि वर थोडं, म्हणजे क्यू दहा. वारंवारता एकदाही न बदलता, आलेख न काढता, फक्त विसरायला लागलेला वेळ मोजून तोच आकडा मिळतो. जो चढ-उतार आपण चकती फिरवून पाहिला आणि जी विरती लाट आत्ता पाहिली, ती एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. शिखर अरुंद असेल तर आठवण लांब असते. शिखर पसरट असेल तर सर्किट लगेच विसरतं.

ज्याला वेळ द्यावा लागतो त्याला तो दिला नाही तर काय होतं, हेही कल्पून पाहता येतं. एकूण रोध १० ओहमवर आणता आला असता तर क्यू १०० झाला असता, बँडविड्थ फक्त १५९ हर्ट्झ आणि स्थिरावण्याचं माप २ मिलिसेकंद. आता जनरेटरला स्वीपवर लावून १०,००० ते २०,००० हर्ट्झ एका दशांश सेकंदात ओलांडायला लावलं, तर ती १५९ हर्ट्झची पट्टी तो सुमारे १.६ मिलिसेकंदांत मागे टाकतो. सर्किट भरून येण्याआधीच स्रोत पुढे निघून गेलेला असतो. पडद्यावर शिखर दिसतं ते बुटकं, पुढे ढकललेलं आणि मागे थरथरीची शेपटी असलेलं. ओळखण्याची खूण सोपी आहे. स्वीप एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली न्यायचा. दोन्ही वेळा शिखर एकाच जागी आलं तर मोजमाप खरं. वेगवेगळ्या जागी आलं तर आपण घाई केली. क्यू १० असलेल्या आमच्या सर्किटला मात्र हाच स्वीप मानवतो, कारण त्याची रुंद पट्टी ओलांडायला १६ मिलिसेकंद लागतात आणि त्याला हवे असतात त्याच्या कितीतरी कमी.

अरुंदपणा आणि उसंत यांचं हे नातं जिवंतपणे ऐकू येतं ते मीडियम वेव्हच्या रेडिओत. त्याच्या पोटात काळपट फेराइटची कांडी असते, तिच्यावर वेटोळं, आणि वेटोळ्याला जोडलेला फिरता गँग कपॅसिटर. नकाशात दोघं समांतर दिसतात. पण आकाशातून आलेली लाट या वेटोळ्याच्या वेढ्यावेढ्यात व्होल्टेज उमटवते, म्हणजे स्रोत वेटोळ्याच्या आतच, त्याच्याच वाटेवर बसलेला असतो. स्रोत, कॉइल, तारेचा रोध, कपॅसिटर, सगळं एका ओळीत. प्रयोगशाळेतलंच सर्किट.

पुणे आकाशवाणी मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. समजा वेटोळं ३०० मायक्रोहेन्रीचं आहे. मग गँग सुमारे १३५ पिकोफॅरडवर आला की हे केंद्र लागतं. सगळे तोटे मिळून १५ ओहम धरले तर क्यू १०० च्या घरात आणि बँडविड्थ जवळजवळ ८ किलोहर्ट्झ. वेटोळ्यात उमटलेले ५० मायक्रोव्होल्ट कपॅसिटरवर ५ मिलिव्होल्ट होऊन मिळतात. एकही ट्रान्झिस्टर लागला नाही, बॅटरी लागली नाही. आठवण धरून ठेवण्याच्या गुणाने आवाज शंभरपट मोठा झाला. आणि गँग फिरवून दुसऱ्या केंद्रावर गेलं तरी रुंदी साधारण तेवढीच राहते, कारण तिच्या सूत्रात कपॅसिटर नाही. वरच्या टोकाला ती जराशी सैलावते, कारण वारंवारतेबरोबर तोटेही वाढतात.

या पट्ट्यात केंद्रांना ९ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा दिलेल्या असतात. शेजारच्या जागेवरचं केंद्र आमच्या या एका सर्किटमध्ये ४० टक्के उंचीचं उरतं, म्हणजे चांगलंच ऐकू येईल इतकं. मग क्यू वाढवून ४०० का करू नये? बँडविड्थ २ किलोहर्ट्झवर येईल, शेजारी गप्प होईल. होईल खरा, पण त्याबरोबर निवेदिकेचे ‘स’ आणि ‘श’ही जातील. तिच्या आवाजातली ४,००० हर्ट्झची सळसळ वाहक लाटेच्या उंचीला ०.१२५ मिलिसेकंदात वरून खाली आणू पाहते. क्यू ४०० असलेल्या सर्किटचं विसरण्याचं माप ०.१६ मिलिसेकंद आहे. मागचा ‘वर’ अजून विरलेला नसताना पुढचा ‘खाली’ येऊन ठेपतो, आणि सळसळ भरून निघून सपाट होते. खर्ज शिल्लक राहतो, धार जाते, बातम्या घुमल्यासारख्या ऐकू येतात. क्यू १०० चं सर्किट ०.०४ मिलिसेकंदात विसरायला लागतं, म्हणून ते ‘श’ला वाट देऊ शकतं.

रेडिओ बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढला तो सर्किटवर आणखी जोर न टाकता. ते प्रत्येक केंद्राची वारंवारता बदलून ४५५ किलोहर्ट्झवर आणतात आणि तिथे पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्यांतली एकाहून अधिक सर्किटं निवडीचं काम वाटून घेतात. त्यांची मांडणी आमच्यासारखी एका ओळीची नसते, पण क्यू आणि रुंदी यांचं नातं तेच. तिथे ८ किलोहर्ट्झच्या रुंदीला एकेका सर्किटकडे ५७ एवढाच क्यू पुरतो, आणि कडा तीव्र होतात त्या अनेकांच्या एकत्र कामाने. एकाच सर्किटकडून सगळा अरुंदपणा मागितला असता, तर त्याने तो दिला असता आणि बदल्यात आवाज मागितला असता.

म्हणून आता मी मुलांच्या तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगते. वारंवारता, क्यू, बँडविड्थ, आणि शेजारी विरण्याचा वेळ. १०० ओहमला १,५९२ हर्ट्झ आणि ०.२ मिलिसेकंद. रेझिस्टर काढून टाकून ७० ओहम राहिले की १,११४ हर्ट्झ आणि ०.२८६ मिलिसेकंद. ३० च्या जागी १३० ओहमचा रेझिस्टर घालून २०० केले की ३,१८३ हर्ट्झ आणि ०.१ मिलिसेकंद. मग वेळ सेकंदांत घेऊन शेवटच्या दोन रकान्यांचा गुणाकार करायचा. दर ओळीला ०.३१८ येतो, म्हणजे १ भागिले π. रेझिस्टर कोणताही घाला, कॉइल बदला, कपॅसिटर बदला, हा आकडा हलत नाही. एक रकाना कमी केला की दुसरा तेवढ्याच पटीने वाढतो. यानंतर कुणी विचारलं की सर्किटचा क्यू किती ठेवावा, तर मी त्यांनाच विचारते, तुझ्याकडे येणारा संकेत किती लवकर बदलतो ते आधी सांग. त्या उत्तरातून वेळ ठरतो, वेळेतून रुंदी ठरते, आणि किती ओहमचा रेझिस्टर काढायचा ते सगळ्यात शेवटी.